मेलला उत्तर आलं नाही, आता दुसरा मेल कसा लिहू?

सोलांवाली (४ सप्टेंबर, दुपारी)

नमस्कार मंडळी. मी सत्तरी तालुक्यातली. सहा वर्षं झाली, घरच्या आणि शेजारच्या भिरंडांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, आगळ आणि सोलां करते, म्हणजे खारवलेला रस आणि सुकवलेली सालं. सोबत दोन शेजारणी आहेत. आजवर माल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि ओळखीच्या घरांतच खपायचा. यंदा भिरंडं भरपूर आली, आगळ ३१० लीटर निघालं आणि त्यातलं १४० लीटर अजून घरात आहे. म्हणून पहिल्यांदाच पणजीजवळच्या एका मोठ्या हॉटेलला मेल केला. पत्ता त्यांच्या खरेदी विभागाचा, ओळखीतून मिळालेला.

मेल २५ ऑगस्टला सोमवारी पाठवला. आज दहा दिवस झाले, अक्षर नाही. घरचे म्हणतात सोडून दे, त्यांना नकोय. मला वाटतं एकदा तरी पुन्हा विचारावं. पण "माझा मेल पाहिलात का?" असं लिहायला घेतलं की आपण भीक मागतोय असं वाटतं, आणि जरा ठाम लिहिलं तर भांडतोय असं वाटतं. मधली वाट कोणती? किती दिवसांनी लिहायचं? पहिलाच मेल परत पाठवायचा की नवा? अनुभव असलेल्यांनी सांगावं.

दर्यावर्दी

ताई, सरळ फोन करा. मेल कोण वाचतं? मी बोटीच्या सुट्या भागांसाठी कधी मेल करत नाही. फोन लावतो, दोन मिनिटांत विषय संपतो.

नेटका

फोनआधी मेल उघडला गेला का ते बघा. मेल पाठवताना पोच मागायची सोय असते, ती चालू करा. समोरच्याने उघडला की तुम्हाला कळतं. उघडूनही उत्तर नसेल तर रस नाही असं समजा आणि उघडलाच नसेल तर परत पाठवा. विषयात "तातडीचे" लिहा, म्हणजे वर दिसेल. आणि पाठवायचा तर मंगळवारी सकाळी. सोमवारी पेटी तुंबलेली असते आणि शुक्रवारी लोक मनाने घरी गेलेले असतात.

वीजखांब

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आमच्या वाड्यावरचा वाकलेला खांब बदला म्हणून मी जूनमध्ये अर्ज दिला, अजून उत्तर नाही. ताई, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका. २००५ चा कायदा आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर अपील करता येतं. उत्तर न देणं हा त्यांचा अधिकार नाही.

मांडवीकाठ

वीजखांबभाऊ, ताईंचं पत्र खाजगी हॉटेलला आहे, तिथे तो कायदा चालत नाही. तुमच्या खांबासाठी मात्र चालेल. तिथे स्मरणपत्र द्याल तेव्हा पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख पहिल्याच ओळीत घाला. आमच्या कचेरीत नुसतं "मी जूनमध्ये अर्ज दिला होता" असं पत्र आलं की तो शोधण्यातच दिवस जायचा, क्रमांक असला की फाईल पाच मिनिटांत टेबलावर यायची.

ताई, तुमच्या मेलला आवक क्रमांक नसतो. पण जुना मेल खाली जोडलेला असणं हे तसंच काम करतं.

वीजखांब

हो का, माझा गोंधळ झाला. आवक क्रमांक अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यात आहे, आज घालून देतो.

भांडारघर (४ सप्टेंबर, रात्री)

मी अठरा वर्षं हॉटेलांच्या खरेदी विभागात काढली, त्यातली अकरा गोव्यात. आता निवृत्त आहे. ताईंना आतली बाजू सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पहिली गोष्ट तारखेची. २५ ऑगस्टला मेल गेला आणि २७ ला चवथ. गोव्यात चवथीला माणूस जिथे असेल तिथून गावच्या घरी जातो. सोमवारी दुपारपासून आमच्या विभागात अर्धी माणसं मनाने गणपतीच्या माटोळीखाली उभी असायची. दोन दिवस सरकारी सुट्टी, मग कुणाचा दीड दिवसाचा गणपती, कुणाचा पाच, कुणाचा सात. रजा लागोपाठ. जे कामावर उरतात ते भाजी, मासे, दूध आणि फुलं वेळेवर आणण्यात बुडलेले. तुमचे दहा दिवस खरे दहा नव्हेत. विभागात सगळे परत आल्यापासून मोजले तर तीन-चार भरतात. इतक्यात तो नकार धरू नका.

दुसरी गोष्ट. हॉटेलात खरेदी विभाग स्वतःच्या मनाने काही घेत नाही. शेफ मागणी लिहितो, ती आमच्याकडे येते, मग आम्ही तीन ठिकाणचे दर मागवतो. ज्या वस्तूची मागणी टेबलावर नाही, तिचा मेल चांगला असला तरी "बघू" म्हणून बाजूला राहतो. त्याला उत्तर द्यायचं तर आधी शेफला विचारावं लागतं. शेफला विचारायचं तर हातात काहीतरी लागतं, म्हणजे बाटली. म्हणून दुसऱ्या मेलमध्ये "माझा विचार करा" असं लिहू नका, बाटली कुठे द्यायची ते विचारा. त्याचं उत्तर कारकूनही देऊ शकतो, साहेबांची वाट पाहावी लागत नाही.

पहिला मेल इथे टाकता का? हॉटेलचं नाव काढून.

सोलांवाली (५ सप्टेंबर)

देव बरें करूं, भांडारघरकाका. चवथीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडेही पाच दिवस होते, मीच कुठे मेल उघडला होता!

मूळ मेल इंग्रजीत आहे, भाच्याने लिहून दिला. सगळा टाकला तर फार लांब होईल, साधारण दीड पान आहे. आधी आमची ओळख, भिरंडं कशी फोडतो, साल मीठ घालून कशी ठेवतो, रंग घालत नाही वगैरे. मग सात वस्तूंचे दर: आगळ तीन मापांत, सोलां दोन प्रकारची, आमसोलाची चटणी आणि सुकवलेल्या बिया. शेवटी चार प्रश्न: भेटायला कधी येऊ, नमुना आणू का, पैसे किती दिवसांत देता, आणि वर्षाला किती लागेल. सोबत अकरा फोटो. विषय होता "गोव्याच्या मातीतली चव, आपल्या पाहुण्यांसाठी".

भांडारघर

मेल प्रामाणिक आहे, पण माझ्या टेबलावर आला असता तर मीही "निवांत वाचू" म्हणून ठेवला असता, आणि निवांतपणा कधी येत नाही. चार प्रश्न म्हणजे चार माणसांना विचारणं. पैशाचा प्रश्न हिशेब विभागाचा, वर्षाला किती लागेल हा शेफचा, भेट साहेबांची. मला एकट्याला जमेल असा त्यात एकच आहे, नमुन्याचा, आणि तो इतरांच्या मध्ये दडलाय.

विषयावरूनही कळत नाही की आत काय आहे. महिन्याभराने शेफने सोलकढीसाठी आगळ मागितलं असतं आणि मी मेलमध्ये "कोकम" शोधलं असतं, तर तुमचा मेल विषयाच्या ओळीवरून तरी मला ओळखू आला नसता.

तारायंत्र

मी मेलच्या सर्व्हरचं काम करतो. वरच्या दोन मुद्द्यांवर बोलतो, कारण त्यांनी ताईंची दिशाभूल होईल.

नेटका यांनी सांगितलेली पोच घरगुती जीमेल खात्यावर मागताच येत नाही. कंपनीच्या पैसे भरलेल्या खात्यावर येते, आणि तिथेही समोरचा ती नाकारू शकतो. दुसरी पद्धत म्हणजे मेलमध्ये एक अदृश्य चित्र ठेवून ते कधी उघडलं हे बघणं. पण २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप तशी चित्रं माणसाने मेल उघडण्याआधीच आणून ठेवतं, आणि बऱ्याच कंपन्या चित्रं आपोआप उघडूच देत नाहीत. म्हणजे "उघडला" दिसलं तरी कुणी वाचलेला नसू शकतो, आणि "उघडला नाही" दिसलं तरी वाचलेला असू शकतो. त्यावरून रस आहे की नाही हे ठरवायचं नाही. "तातडीचे" हा शब्दही नको. जे तातडीचं नाही त्याला तातडीचं म्हटलं की पुढच्या मेलवरचा विश्वास जातो. मंगळवार सकाळ मात्र मलाही पटते.

ताई, मेल कुठल्या पत्त्यावरून पाठवलात? जीमेलचा की स्वतःच्या नावाचा? आणि परत आल्याची काही चिठ्ठी आली होती का?

सोलांवाली

स्वतःच्या नावाचा. भाच्याने वेबसाइट करून दिली तेव्हाच मेलही केला. चिठ्ठी काही आली नाही.

तारायंत्र

मग दुसरा मेल पाठवण्याआधी हे नक्की करा. त्या पत्त्यावरून स्वतःच्याच घरगुती जीमेलला एक साधा मेल पाठवा. तो उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत "Show original" दाबा. वर SPF आणि DKIM अशा ओळी दिसतील, मेल खरंच तुमच्याकडूनच आला का याच्या त्या तपासण्या. दोन्हींपुढे PASS हवं.

सोलांवाली (५ सप्टेंबर, संध्याकाळी)

केलं. SPF पुढे SOFTFAIL आहे. DKIM पुढे PASS दिसतंय. हे वाईट आहे का?

तारायंत्र

वाईट म्हणजे, तुमच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवावा याची जी नोंद तुमच्या डोमेनवर आहे, तिच्यात तुमचा आत्ताचा सर्व्हर नाही. समोरच्याला वाटू शकतं की तुमच्या नावाने तिसराच कुणी पाठवतोय. मेल परत येत नाही, म्हणून चिठ्ठीही येत नाही. तो गुपचूप स्पॅममध्ये जाऊ शकतो. जाईलच असं नाही, DKIM ठीक आहे ही जमेची बाजू. भाच्याला विचारा, वेबसाइट मध्ये कधी दुसरीकडे हलवली का, आणि मेल गूगलच्या पैसे भरलेल्या सेवेवर आहे का. तसं असेल तर डोमेनच्या TXT नोंदींमध्ये एवढंच लागतं:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

ही एकच ओळ हवी. जुनी v=spf1 ची ओळ तशीच ठेवून दुसरी घातली तर दोन्ही बाद होतात. जुनी बदला, नवी वाढवू नका.

सोलांवाली

भाच्याला फोन केला. मार्चमध्ये वेबसाइट एका कंपनीतून दुसरीकडे नेली, तेव्हा मेल गूगलवर आला आणि ही नोंद जुनीच राहिली. आता बदलली. रात्री परत तपासते.

(रात्री ११ वाजता) दोन्ही PASS. म्हणजे मार्चपासून मी पाठवलेले मेल लोकांच्या स्पॅममध्ये जात होते की काय! असगावच्या एका कॅफेलाही मे महिन्यात लिहिलं होतं. तेव्हा मनात म्हटलं होतं, किती उद्धट माणसं. आता वाईट वाटतंय.

आडोळशी

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी भाषांतराचं काम करते. गेल्या वर्षी एका प्रकाशकाला तीन स्मरणपत्रं पाठवली. पहिलं नम्र, दुसरं "कदाचित आपल्या नजरेतून सुटलं असेल", तिसऱ्यात लिहिलं की "तीन वेळा लिहूनही आपण उत्तर देण्याचं सौजन्य दाखवलं नाही". नंतर कळलं की त्या संपादकबाईंच्या घरी मोठं आजारपण होतं. त्यांनी फार शांत उत्तर दिलं, पण ते वाक्य मला परत घेता आलं नाही. तेव्हापासून "आपण उत्तर दिलं नाही" हे वाक्य मी लिहीतच नाही. काय घडलं ते आपल्याला माहीत नसतं.

"नजरेतून सुटलं असेल" हेही मला आता खटकतं. वरून नम्र आहे, पण चूक समोरच्याचीच ठरवतं.

दर्यावर्दी

मग लिहायचं काय? काहीतरी कारण द्यावंच लागतं ना पुन्हा लिहायचं.

आडोळशी

कारण चवथीचंच द्यायचं. ते खरं आहे आणि कुणावर दोष येत नाही.

भांडारघर (६ सप्टेंबर)

बरोबर. ताई, मी सांगतो तसं करा. नवा मेल उघडू नका. पाठवलेल्या मेलांत जाऊन २५ तारखेचा मेल उघडा आणि त्यालाच उत्तर द्या. जीमेलमध्ये आपल्याच मेलला उत्तर दिलं की ते मूळच्याच पत्त्यावर जातं आणि जुना मजकूर खाली येतो. फॉरवर्ड करू नका, कारण त्यात ते अकरा फोटो पुन्हा जातील. उत्तरात जोडलेल्या फाईल जात नाहीत, ते आपल्याला हवंच आहे.

विषय बदलावासा वाटेल. बदलू नका, नाहीतर साखळी तुटून तो वेगळाच मेल दिसेल. "आगळ" आणि "कोकम" हे शब्द पहिल्या ओळीत आणा, शोधताना तेवढे पुरतात.

वेळ मंगळवार ९ तारीख, सकाळी दहाच्या सुमारास. शुक्रवारी ईद झाली, आज अनंत चतुर्दशी, उद्या रविवार, सोमवारी तीन दिवसांचं साचलेलं असेल. सकाळी आठ ते साडेनऊ माल उतरवून घ्यायची वेळ असते, तेव्हा कुणी बसलेलं नसतं.

सोलांवाली (७ सप्टेंबर)

लिहून पाहिलं. पाठवीन ते इंग्रजीत, इथे मराठीत देते. कापाकापी करा.

"नमस्कार. २५ ऑगस्टला कोकम आगळाबद्दल लिहिलं होतं, तो मेल खाली आहे. आपण व्यग्र असाल याची कल्पना आहे, तरीही पुन्हा त्रास देते आहे याबद्दल क्षमा असावी. आमचं आगळ पूर्ण नैसर्गिक असून त्यात रंग नाही. शेफना चाखण्यासाठी नमुना पाठवू का? तसंच सोलां आणि आमसोलाची चटणीही पाठवू शकते. आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहते आहे."

आडोळशी

क्षमा काढा. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आणि "त्रास देते आहे" वाचून समोरच्यालाही वाटतं की हा त्रासच आहे. "आतुरतेने" सुद्धा काढा.

भांडारघर

सोलां आणि चटणी काढा. एकच वस्तू ठेवा. दारातून एक बाटली आत गेली की चटणी मागाहून जाते. आणि तारीख घाला. तुम्ही पणजीला कधी येणार? "पाठवू का" पेक्षा "गुरुवारी मी तिकडे आहे" याला उत्तर लवकर येतं, कारण गुरुवारनंतर त्याचा उपयोग नसतो. पण खरंच येणार असाल तरच लिहा.

सोलांवाली (८ सप्टेंबर)

शुक्रवारी १२ तारखेला म्हापशाच्या बाजाराला जातेच, तिथून पणजी होईल. हे बघा:

"नमस्कार. कोकम आगळाबद्दल २५ ऑगस्टला, चवथीच्या गडबडीत, खालचा मेल पाठवला होता. आता एकच विचारायचं आहे: शेफना चाखायला आगळाची अर्ध्या लीटरची बाटली देऊ का? शुक्रवारी १२ तारखेला मी पणजीत आहे. चालणार असेल तर कुठल्या गेटवर आणि कुणाच्या नावे द्यायची एवढं कळवा. दर ५ लीटरच्या कॅनला १,१०० रुपये, एफएसएसएआय क्रमांक सहीखाली आहे. सध्या गरज नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल."

नेटका

शेवटचं वाक्य नको. तुम्ही स्वतःच नकाराचं दार उघडून देताय. समोरच्याला तेच सोपं पडणार.

भांडारघर

माझ्या मते ते हवंच. नाही म्हणणं अवघड वाटतं म्हणून लोक गप्प बसतात. मी स्वतः कितीतरी विक्रेत्यांना याच संकोचाने उत्तर दिलं नाही. तो संकोच काढला की उत्तर येतं, आणि "नाही" आलं तरी ताई दुसऱ्या हॉटेलकडे वळू शकतात. १४० लीटर घरात असताना वाट पाहण्यातच नुकसान आहे.

नेटका

तुमचा अनुभव मोठा आहे, पण मी सहा वर्षं विक्री केली. ज्याला "नको" म्हणायची मोकळीक दिली तो बहुतेक वेळा "नको"च म्हणाला. ज्याला नाही दिली, त्यातले काही महिन्या-दोन महिन्यांनी आले.

भांडारघर

आणि बाकीचे? त्यांची वाट पाहण्यात गेलेले महिने?

मांडवीकाठ

हे दोघांचं मिटेल असं वाटत नाही. ताईंनी ठरवावं. मला मजकूर आवडला. मी कचेरीत असताना असं पत्र आलं असतं तर त्याच दिवशी उत्तर गेलं असतं.

सोलांवाली (९ सप्टेंबर)

शेवटचं वाक्य ठेवलं. दहा वाजून पाच मिनिटांनी पाठवला. आता मोबाइल डब्यात ठेवून सोलां उन्हात घालायला जाते. चार दिवसांनी ऊन पडलंय.

सोलांवाली (१० सप्टेंबर)

उत्तर आलं! दोनच ओळी: "शुक्रवारी ११ च्या आत मागच्या गेटवर, भांडाराच्या नावे. अर्ध्या लीटरच्या दोन बाटल्या, लेबलवर परवाना क्रमांक आणि तारीख हवी." पहिल्या मेलबद्दल एक शब्द नाही. तो स्पॅममध्ये गेला होता की चवथीत बुडाला, कळायला मार्गच नाही. ११ च्या आत पोचायचं म्हणजे बाजार दुसऱ्या शेजारणीवर सोपवावा लागेल.

दर्यावर्दी

वा! मी अजूनही म्हणतो फोनने हे दोन दिवसांत झालं असतं. पण ताई, मनापासून अभिनंदन.

कढीपत्ता

मी दुसऱ्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. दर्यावर्दींच्या फोनच्या मुद्द्यावर सांगतो. फोन येतो तेव्हा माझे हात कढईत असतात. साडेबाराला आलेला फोन मी उचलत नाही आणि नाव कायम लक्षात राहतं, वाईट अर्थाने. तीन ते साडेचारमध्ये आला तर बोलतो. पण मला विचाराल तर खरेदी विभागात मेल टाकून थांबण्यापेक्षा शेफला गाठा. आगळाचा रंग आणि आंबटपणा मी चाखल्याशिवाय मागणी लिहिणार नाही.

भांडारघर

शेफला परस्पर गाठलेलं खरेदीवाल्याला कळलं की तो कागदपत्रांत अडकवतो. मी असं होताना पाहिलंय. शेफला भेटा, पण खरेदीच्या माणसाला कळवून.

कढीपत्ता

आमच्याकडे उलटं आहे. शेफने नाव लिहिलं की खरेदीवाले निमूट कागद मागवतात. हॉटेलागणिक फरक पडत असेल.

सोलांवाली (२२ सप्टेंबर)

पुन्हा तुमच्याकडेच आले. १२ तारखेला बाटल्या दिल्या, भांडाराच्या माणसाने सही दिली. त्यानंतर दहा दिवस परत शांतता. आता तिसरा मेल पाठवला तर हात धुऊन मागे लागल्यासारखं होईल का? आधी होता तो प्रश्न पुन्हा तसाच उभा राहिला.

आडोळशी

यावेळी तुमच्याकडे सांगण्यासारखं नवीन आहे, म्हणून मागे लागल्यासारखं होणार नाही. बाटली दिल्याची तारीख आणि सही घेणाऱ्याचं पद लिहा. ते त्यांच्याही उपयोगाचं आहे, कारण बाटली भांडारातच राहिली असेल आणि शेफपर्यंत गेलीच नसेल.

भांडारघर

अगदी शक्य आहे. नमुना भांडाराच्या फडताळात महिना पडून राहिलेला मी पाहिलाय. तेच विचारा: शेफनी चाखलं का? दुसरं काही नको. आणि हे शेवटचं. यालाही उत्तर नाही आलं तर या साखळीत पुन्हा लिहू नका. पुढचं पीक येईल तेव्हा नव्याने लिहा.

सोलांवाली (२३ सप्टेंबर)

आज सकाळी पाठवला. "१२ तारखेला सकाळी आगळाच्या दोन बाटल्या भांडार सहायकांकडे दिल्या होत्या. शेफना चाखता आल्या का? नसतील तर भांडारात मिळतील." इतकंच.

सोलांवाली (२५ सप्टेंबर)

उत्तर आलं. यावेळी खरेदी व्यवस्थापकांचं स्वतःचं. शेफना आगळ आवडलं, रंग चांगला आहे म्हणाले. पण या हंगामाचे दर मार्चअखेरपर्यंत आधीच एका विक्रेत्याशी ठरलेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा लिहा, विक्रेता नोंदणीचा अर्ज सोबत जोडलाय, तो आताच भरून ठेवा असं लिहिलंय. अर्जात पॅन, परवान्याची प्रत आणि रद्द केलेला धनादेश मागितलाय.

१४० लीटरचा प्रश्न सुटला नाही. पण मे महिन्यात गप्प राहिलेल्या असगावच्या त्या कॅफेला काल असाच चार ओळींचा मेल केला, यावेळी SPF तपासून. त्यांनी तासाभरात दोन कॅन मागवले. ते म्हणतात मेमध्ये त्यांना काहीच मिळालं नव्हतं.

दर्यावर्दी

व्यवस्थापकांना उत्तर दिलंत का? नुसतं "ठीक आहे" तरी?

सोलांवाली

दिलं. "धन्यवाद. भरलेला अर्ज जोडला आहे. २५ मार्चला या मेलखालीच लिहीन." पंचवीस मार्च घरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवलाय. नवीन आगळ तेव्हा तयार नसेल, भिरंडं एप्रिल-मेमध्ये पिकतात. तेव्हा यंदाच्यातली एक बाटली नमुन्यासाठी बाजूला ठेवू का? वर्षाच्या आगळाचा रंग गडद होतो, शेफना तो चालेल का?

कढीपत्ता

अंधारात, काचेच्या बाटलीत ठेवा आणि लेबलवर यंदाची तारीख राहू द्या. माझ्या स्वयंपाकघरात चालतो. त्यांच्याकडचं मार्चमध्ये विचारा.